रातपाळीच्या झोपेसाठी पडदा, आणि कूलरची वाट

चि. स अनेक आशीर्वाद.

खोलीचं माप मिळालं. दहा बाय दहा, पूर्वेला चार बाय चार फुटांची खिडकी, पश्चिमेला गॅलरीचं दार. तू साडेआठला आडवं होणार आणि पूर्वेचं ऊन दुपारपर्यंत हटणार नाही, म्हणजे झोपेचा पहिला, महत्त्वाचा भाग नेमका उजेडात. नुसता अंधार करायचा असता तर सोपं होतं. पण सोलापूरचा एप्रिल-मे कूलरशिवाय निघत नाही, आणि कूलरने आत ढकललेली हवा बाहेर जायलाच हवी. खिडकी गच्च बंद केलीस तर तासाभरात खोली दमट होते, चादर ओलसर लागते, आणि कूलर चालू असूनही घाम येतो. म्हणून पडदा असा हवा, की उजेड अडेल पण हवा जाईल.

कापड घेताना दुकानात मोबाइलचा टॉर्च मागून लावून बघ. ब्लॅकआउट म्हणून विकलेल्या कापडातूनही कधी कधी सुईच्या टोकाएवढे ठिपके दिसतात. ते घेऊ नकोस. घरची चादर खिडकीवर टाकून भागेल असं वाटत असेल, तर तिलाही हीच परीक्षा लाव. अस्तराची फिकट बाजू खिडकीकडे ठेव.

दांडी साडेपाच फुटांची घे, म्हणजे दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच जास्त मिळतात. ती चौकटीच्या आठ इंच वर लाव, आणि ब्रॅकेट भिंतीपासून पाच इंच पुढे आलेला हवा. पडदा खिडकीच्या चौकटीपाशी संपवायचा नाही, जमिनीपासून चार इंच वर थांबवायचा. तुझ्या खिडकीचं वरचं टोक जमिनीपासून सात फुटांवर आहे. तेव्हा तयार लांबी सात फूट चार इंच, वरखाली दुमड धरून आठ फूट. चोपन्न इंच पन्ह्याचे दोन पट्टे लागतील, म्हणजे पाच मीटर कापड. मध्ये एकावर एक चार इंच चढव, आणि दोन्ही टोकं भिंतीपर्यंत वळव. आयलेटचा पडदा शिवू नकोस. त्याच्या लाटांमधून वरून उजेडाच्या पट्ट्या छतावर पडतात. हुकवाल्या चुण्या घाल आणि वर प्लायवुडचं साधं झाकण ठोक.

वळवलेल्या कडा वेल्क्रोने बसवायच्या, पण चिकट वेल्क्रो थेट डिस्टेंपरवर लावलास तर उन्हाळ्यात रंगासकट सुटतो. आधी भिंतीला लाकडी पट्टी स्क्रूने बसव आणि त्यावर वेल्क्रोची कडक बाजू स्टेपल कर. मऊ बाजू शिंप्याकडून शिवून घे.

आता हवेचं. कूलर गॅलरीच्या दारात, म्हणजे तो बाहेरची हवा ओढेल. दाराची उरलेली जागा प्लायवुडने बंद. कूलरच्या जाळीतूनही उजेड येतो, म्हणून बाहेरून शेडनेट बांध, पण पॅडपासून फूटभर लांब. चिकटवलीस तर हवाच ओढली जाणार नाही. खिडकीची काच उघडी. हवा पडद्याखालच्या चार इंचांतून शिरेल, मागून वर चढेल आणि गजांतून निघून जाईल. साडेपाच फूट रुंदीवर ही फट जवळजवळ पावणेदोन चौरस फूट होते, एवढ्या खोलीच्या कूलरला पुरते. फटीतून येणारा उजेड फरशीवर पडून उसळतो, म्हणून तिथे गडद रंगाची सतरंजी टाक. हवेच्या दाबाने पडदा गजांना जाऊन चिकटला तर वाट बंद होईल. त्यासाठी खालच्या दुमडीत बारीक लोखंडी सळई घाल.

काम होतंय का, हे अगरबत्तीने कळतं. कूलर लावून ती फटीजवळ धर: धूर पडद्याखाली ओढला गेला पाहिजे. आणि सकाळी नऊच्या उन्हात सगळं बंद करून दहा मिनिटं आत बस. डोळे सरावल्यावर जिथे रेघ दिसेल तिथे खडूने खूण कर, मग एकेक बुजव.

आवाजाबाबत पडद्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नकोस. खिडकी उघडी असल्याने रस्ता ऐकू येणारच. कूलरची एकसुरी घरघर त्यातलं बरंच झाकते. शेजारच्या मागांचा ठोका मात्र भिंतीतून येतो. खाट त्या भिंतीपासून अर्धा फूट सरकव आणि पायांखाली जाड रबर ठेव. फोमचे बोळे कानात घालताना आधी बारीक वळायचे, कान वर-मागे ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरायचे. घाईत घातले की ते बाहेरच फुगतात आणि लोक म्हणतात, उपयोग नाही. दारावरची बेल दिवसा बंद ठेव. फोनवर घरच्या दोन नंबरांनाच वाट दे.

पावसाळ्यात बाहेरच दमट असतं, तेव्हा कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा चालव. नवी पेठेत कापड घ्यायला जाण्याआधी दांडी लावून घे आणि लांबी दांडीपासूनच मोज. खिडकीपासून मोजलेले पडदे हमखास आखूड पडतात.

तुझे काका