विचारलं तर हसतात, नाही विचारलं तर जॉब रिजेक्ट होतो

"मॅडम, डिप्लोमा करून सीएनसी मशिनवर लागलो, दीड वर्ष झालं. आमचे जुने ऑपरेटर, सगळे त्यांना मामा म्हणतात, तिथे बावीस वर्षं आहेत. सेटिंग करताना मला स्टोअरमध्ये पाठवतात. विचारलं तर 'अनुभवानं येतं' म्हणतात. त्यांची एक डायरी आहे, ती कुणाला दाखवत नाहीत. रात्रपाळीत जॉब बिघडला की रिजेक्शन माझ्या नावावर पडतं आणि सकाळी मामा येऊन दहा मिनिटांत मशिन लावतात. सगळे म्हणतात, मामांशिवाय चालत नाही. मी नोकरी सोडू का?"

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या एका छोट्या कारखान्यातला हा मुलगा माझ्याकडे सल्ल्याला आला होता. सीएनसी म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर धातू कापणारं यंत्र, आणि जॉब म्हणजे त्यावर घडवायचा भाग. त्याच्या परवानगीनं, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

सोडण्या-न सोडण्याचं आम्ही बाजूला ठेवलं. आधी मी त्याला एक वही करायला सांगितली. पुढचे दोन आठवडे मामांना काय विचारलं आणि त्यांनी नेमकं काय उत्तर दिलं, एवढंच लिहायचं. राग आला, वाईट वाटलं, हे त्यात नको. "मामा काहीच सांगत नाहीत" या वाक्यावर कुणालाच काही करता येत नाही, मलाही नाही आणि त्याच्या सुपरवायझरलाही नाही.

वही आली तेव्हा आम्ही ती मिळून चाळली. ज्ञान लपवण्याच्या वागण्यावर कॅनडातल्या कॅथरीन कॉनेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात तीन प्रकार वेगळे केले आहेत: अर्धवट सांगून किंवा 'नंतर सांगतो' म्हणून टाळणं, माहीत नसल्याचं सोंग घेणं, आणि कारण देऊन सरळ नकार देणं. मी त्यात आणखी एक खण घालते, तो म्हणजे सांगणाऱ्याला स्वतःलाच शब्दांत मांडता न येणं. कारखान्यात हा खण बराच मोठा निघतो. वहीतली निम्मी उत्तरं त्यातच पडली. "इन्सर्ट कधी बदलायचा?" याला मामांनी "आवाजावरून कळतं" असं उत्तर दिलं होतं. इन्सर्ट म्हणजे कापणारं टोक, ते झिजलं की बदलावं लागतं. मुलाला ते टाळणं वाटलं होतं, पण मामा खरंच आवाज ऐकूनच इन्सर्ट बदलतात. अशा ठिकाणी प्रश्न विचारून उपयोग नसतो. शेजारी उभं राहायचं आणि आवाज बदलला असं वाटलं की आपणच म्हणायचं, "मामा, आता बदलायला हवा ना?" हो-नाही सांगणं त्यांना सोपं जातं. तेवढं केल्यावर महिनाभरात त्याच्या निम्म्या तक्रारी गेल्या.

उरलेल्या निम्म्यांत मात्र खरी लपवाछपवी होती, आणि ती जवळपास सगळी एकाच जॉबवर होती.

तो जॉब म्हणजे एक पातळ रिंग. बोअर, म्हणजे आतलं भोक, ६२ मिलिमीटर. सहिष्णुता, म्हणजे मापात चालणारा फरक, एच-सात: शून्य ते अधिक तीस मायक्रॉन, मिलिमीटरचे तीस हजारांश. भिंत जेमतेम चार मिलिमीटरची. रात्री हा मुलगा जॉब चकमध्ये, म्हणजे मशिनच्या फिरत्या पकडीत, असतानाच डायल बोअर गेज या भोक मापायच्या साधनानं बघायचा, माप बरोबर. काढून पुन्हा बघायचा, तरी बरोबर. सकाळी क्वालिटीवाले प्लग गेज, म्हणजे ठरल्या मापाची गोल खुंटी, घालायचे तर तिची गो बाजू, जी आत जायलाच हवी, तीच जायची नाही. बोअर लहान येतो आहे असं समजून त्यानं वेअर ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या झिजेसाठी मशिनला द्यायची मापाची दुरुस्ती, वाढवला, मग गो गेला, पण बोअर गेजवर माप मर्यादेबाहेर. दोन्हीकडून तोच अडकला.

याचं कारण त्यानंच मला कागदावर काढून दाखवलं, पण ते त्याला फार उशिरा कळलं होतं. चकचे तीन जॉ, म्हणजे जबडे, पातळ रिंगला दाबतात, ती दबलेल्या अवस्थेत गोल कापली जाते आणि चक सोडला की रिंग परत फुलते. बोअरला तीन फुगवटे येतात. दोन टोकांत मापणाऱ्या गेजला हा आकार सापडत नाही, कारण एका बाजूच्या फुगवट्यासमोर दुसऱ्या बाजूला खोलगट भाग येतो आणि व्यास सगळीकडे जवळपास सारखाच दिसतो. प्लग मात्र आत आलेल्या तीन जागांवर अडतो. मामा काय करायचे? सॉफ्ट जॉ, म्हणजे कापून हवा तो आकार देता येणारे जबडे, रिंगच्या बाहेरच्या व्यासालाच बोअर करून घ्यायचे, म्हणजे जॉ रिंगला तीन ठिकाणी टोचण्याऐवजी कवेत घेतात. आणि रफ, म्हणजे पहिली जाड कापणी, झाल्यावर शेवटच्या फिनिश कटच्या आधी चकचं प्रेशर खाली आणायचे. नेमक्या याच वेळी पोराला इन्सर्ट आणायला पाठवलं जायचं.

इथे मी त्याला एक गोष्ट निक्षून सांगितली: रात्री एकट्यानं प्रेशर कमी करून बघायचं नाही. फिरताना केंद्रोत्सारी बलानं जॉ बाहेर ओढले जातात आणि पकड आणखी सैल होते. वेग जास्त आणि दाब कमी, तर जॉब चकमधून सुटून दारावर आदळतो. लपवलेल्या माहितीत सुरक्षिततेचा भाग असेल तर अंदाजानं शिकणं हा मार्गच बंद समजायचा.

डायरीचा मोबाइलवर फोटो काढण्याचा विचारही त्याच्या मनात आला होता. मी नको म्हटलं. मिळाले असते ते आकडे, त्यामागचं कारण नाही. आणि ते उघड झालं असतं तर मामांनी डायरीच नव्हे, तोंडही बंद केलं असतं.

मग मी विचारलं, मामा हाच जॉब का झाकून ठेवतात? त्याला माहीत नव्हतं. दुसऱ्या पाळीच्या एका जुन्या ऑपरेटरशी बोलून तो आला. मामांनी काही वर्षांपूर्वी एका मुलाला असाच एक अवघड जॉब हातचं न राखता शिकवला होता. पुढे मशिन त्या मुलाकडे गेलं, पगारवाढही त्यालाच मिळाली आणि मामांची पाळी बदलली. मामांकडे डिप्लोमा नाही, आयटीआयही नाही. पातळ रिंग अडली की साहेब रात्री दोन वाजता त्यांना घरी फोन करतात, आणि तो फोन हीच त्यांच्या हातातली झाकली मूठ. ती उघडली तर आपलं काय, ही भीती खोटी म्हणता येत नाही. अनुभवानं त्यांना तेच शिकवलं होतं.

पण एवढं समजून घेतलं म्हणून मुलानं सोसत राहावं असं मला अजिबात वाटत नाही. रिजेक्शन त्याच्या नावावर पडत होतं. मामांची भीती कळल्याचा फायदा इतकाच की काय मागायचं आणि कुणाकडे मागायचं ते ठरवता आलं.

मामांकडे मागण्याची भाषा आम्ही बदलली. "मामा, हा जॉब कसा लावायचा?" या प्रश्नात पूर्ण मूठ उघडायची मागणी आहे. त्याऐवजी आपल्याला जेवढं कळलंय ते आधी मांडायचं आणि फक्त अडलेली जागा विचारायची. माझ्यासमोर त्यानं हे बऱ्याचदा बोलून पाहिलं, कारण पहिल्यांदा आवाजात तक्रार यायची. शेवटी ठरलं ते असं: "मामा, गेज बरोबर दाखवतं पण प्लग जात नाही, म्हणजे जॉचा दाब असणार. प्रेशर खाली आणायला हवं, पण जॉब सुटेल याची भीती वाटते. तुम्ही कुठवर आणता?" मामांचं पहिलं उत्तर होतं, "तू शिकलेला ना, बघ तूच." हे येणार हे आम्ही धरलं होतं. त्यावर वाद न घालता तो म्हणाला, "बघतो, पण फिनिशला तुम्ही शेजारी थांबाल का?" मामा थांबले, आणि त्याला प्रेशर वीस किलोवरून बारावर आणताना पाहून न राहवून म्हणाले, "बारानं नाही जमणार. आठ कर, आणि आधी आरपीएम उतरव." माहिती असलेल्या माणसाला समोर चूक होताना गप्प बसणं फार अवघड जातं.

सुपरवायझरकडे जाणं ही वेगळी पायरी, आणि ती मी टाळू दिली नाही. तिथे मामांचं नाव तक्रार म्हणून काढायचं नाही असं ठरलं. मागायची होती ती सेटअप शीट, म्हणजे जॉब कसा लावायचा ते लिहिलेला कागद. त्यानं सांगितलं ते इतकंच: "या पार्टला सेटअप शीट नाही. रात्री सेटिंग बिघडलं तर मला लावता येत नाही. शीट केली तर लिहायचं काम मी करतो, मामांनी तपासून सही करावी." कारखाना ISO 9001 या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकानुसार प्रमाणित होता. त्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत ७.१.६ हे कलम संस्थेच्या ज्ञानाबद्दलच आहे: काम चालवायला लागणारं ज्ञान संस्थेनं ओळखावं, जपावं आणि गरजूंना उपलब्ध करावं. बावीस वर्षांचं सेटिंग एका खिशातल्या डायरीत असणं ही ऑडिटमध्ये संस्थेची अडचण ठरते, एका मुलाची तक्रार राहत नाही. सुपरवायझरला हे लगेच पटलं, कारण रात्री दोनचा फोन त्यालाही करावा लागत होता.

मामांसाठी मात्र काहीतरी राहायला हवं होतं. शॉपवर कुणाला किती येतं ते दाखवणारा स्किल मॅट्रिक्सचा तक्ता असतो, प्रत्येकाच्या नावापुढे चार भागांचं वर्तुळ. तिथे चारही भाग भरलेले म्हणजे 'दुसऱ्याला शिकवू शकतो'. मामांचं वर्तुळ तीन भागांवरच होतं, कारण त्यांनी कुणाला शिकवल्याची नोंदच नव्हती. शीटवर 'सेटिंग पद्धत' या रकान्यात मामांचं नाव आलं, मुलगा स्वतंत्रपणे रिंग लावू लागल्यावर मामांचं वर्तुळ पूर्ण भरायचं ठरलं, आणि पुढच्या मूल्यमापनात ते धरायचं सुपरवायझरनं कबूल केलं. मुलानं भत्ताही सुचवून पाहिला होता. मालकांनी तो दिला नाही, आणि मला ते चुकीचं वाटतं. शिकवण्याला मोल नसेल तर माणूस मूठ मिटणारच.

सगळं उलगडलं असं झालं नाही. जॉ बोअर करताना ते आधी कशावर आवळून घ्यायचे, हे मामांनी शीटवर येऊच दिलं नाही. ते मुलाला मेंटेनन्सच्या कपाटातल्या चकच्या मॅन्युअलमध्ये सापडलं. कोणत्या वेगाला पकड किती उरते याचा आलेखही त्यातच होता. तेव्हापासून मी अशा प्रत्येकाला आधी विचारते की यंत्राबरोबर आलेली पुस्तकं कुठे आहेत. एका माणसाकडे अडलेली माहिती पुष्कळदा यंत्र बनवणाऱ्यानं छापून दिलेली असते.

तुमच्याकडे सुपरवायझरच त्या ज्येष्ठाच्या मर्जीवर चालत असेल, तर शीटची मागणी लेखी करा आणि पाळीच्या लॉगबुकात साध्या शब्दांत नोंद ठेवा: 'सेटअप शीट उपलब्ध नाही, मागील सेटिंगवर चालवले, प्लग गेजची गो बाजू जात नाही, कळवले.' कुणावर आरोप नाही, पण रिजेक्शन तुमच्या एकट्याच्या नावावर चिकटत नाही. तीन-चार महिने असं करूनही शीट झाली नाही आणि वहीत नवं काही शिकल्याची नोंद नसेल, तर दुसरीकडे अर्ज करायला हरकत नाही. या मुलावर ती वेळ आली नाही. रिंग तो आता रात्रपाळीत स्वतः लावतो. मामांची दुसऱ्या दोन जॉबची पानं अजून बंदच आहेत, आणि त्यातल्या एकाची शीट या महिन्यात मागायची असं त्यानं ठरवलं आहे.