सहा लाख, सहा हप्ते

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

आजीच्या मुदत ठेवीचे सहा लाख हातात आलेत आणि ते एकदम शेअर बाजारात घालायला तुझा धीर होत नाही, हे कळलं. मग एसटीपी लाव, म्हणजे सगळे पैसे आधी कमी जोखमीच्या लिक्विड फंडात ठेव आणि तिथून दर महिन्याला एक लाख आपोआप शेअर्सच्या इक्विटी फंडात जाऊ दे. पण आधी इक्विटी फंड ठरव, लिक्विड फंड नंतर. एसटीपी एकाच फंड हाऊसच्या दोन योजनांमध्ये चालते. लोक लिक्विड फंड भलत्याच कंपनीचा घेतात आणि मग अडकतात.

समज, लिक्विड फंड महिन्याला अर्धा टक्का वाढतोय आणि एक महिन्यानंतर पहिला लाख निघतो. (पहिल्या सहा दिवसांत पैसे काढले तर किरकोळ एक्झिट लोड, म्हणजे लवकर काढल्याचं शुल्क, लागतो, आणि नोंदणीलाही काही दिवस जातात. त्यामुळे घाई नकोच.) दर हप्ता म्हणजे लिक्विडची विक्री आणि इक्विटीची खरेदी. त्या विक्रीतला नफा करपात्र असतो, पण फक्त नफा. पहिल्या लाखात तो जेमतेम 500 रुपये असेल, सहाव्यात 2,900 च्या आसपास. एप्रिल 2023 नंतर घेतलेल्या लिक्विड फंडाचा नफा तुझ्या उत्पन्नात मिळवून तुझ्या स्लॅबनेच कर लागतो. पुढे इक्विटीतून पैसे काढताना करासाठी प्रत्येक हप्त्याचं वर्ष त्याच्या स्वतःच्या तारखेपासून मोजायचं, पहिल्या हप्त्यापासून नाही.

यात जास्त परतावा मिळेल असं मात्र धरू नकोस. सहा महिने बाजार चढतच राहिला, तर एकरकमी गुंतवणूकच पुढे जाईल. एसटीपीने तुला फक्त एकाच दिवशी सगळे पैसे चढ्या भावात अडकण्यापासून वाचवायचं असतं.

आणि खरी गडबड कागदावर होत नाही, ती आपल्या हातून होते. मी जानेवारी 2020 मध्ये असंच सहा महिन्यांचं लावलं होतं. तेव्हा निफ्टी 12,000 च्या वर होता. 23 मार्चला तो 7,610 वर बंद झाला आणि मी घाबरून एसटीपी थांबवली. म्हणजे महाग भावाचे हप्ते गेले आणि स्वस्त भावाचे मीच अडवले! पडत्या बाजारात तेच हप्ते तर सर्वांत जास्त युनिट देत होते. परत सुरू करायचा धीर येईपर्यंत बाजार बराच वर गेला होता. तुझी मामी अजून त्यावरून टोमणे मारते. म्हणून सुरू करण्याआधी ठरव, पोर्टफोलिओ तीस टक्के खाली दिसला तरी उरलेले हप्ते जाऊ देशील का? नसेल, तर इक्विटीत सहा नाही, तीनच लाख ने.

सहावा लाख गेल्यावर लिक्विड फंडात साधारण 10,700 रुपये उरतील. बरेच जण ते विसरतात. ते काढून घे. तू वीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असशील, तर या सगळ्या नफ्यावरचा कर सेससकट 2,200 च्या आसपास येईल. तो त्यातूनच भर.

तुझा,
मामा