पानाकडे नको, हाताकडे बघा

"मुलगा पहिलीत आहे, साडेसहा वर्षांचा. मराठी अक्षर फार वाईट येतं. पेन्सिल विचित्र धरतो, अर्ध्या पानातच हात दुखतो म्हणून रडतो. रोज दोन पानं शुद्धलेखन करून घेते, तरी फरक नाही. ग्रिपर लावू का? की सराव वाढवू?"

ती दोन पानं आजपासून बंद करा.

मी २३ वर्षं पहिली-दुसरीला शिकवते. "सराव वाढवू का" असं कोणी विचारलं की मला माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षातला एक मुलगा आठवतो. तोंडी सगळं यायचं त्याला, गोष्ट तर अशी सांगायचा की वर्ग गप्प व्हायचा. वही काढा म्हटलं की मात्र पोटात दुखायला लागायचं. शाळेत एक ज्येष्ठ बाई होत्या, त्यांचं स्वतःचं अक्षर अगदी मोत्यासारखं. त्यांचा नियम सरळ होता : अक्षर वाईट, तर पानं दुप्पट. मी नवीन होते, त्यांचं ऐकलं. पहिलं सत्र संपेपर्यंत तो मुलगा रोज दोन पानं लिहीत होता आणि सत्राच्या शेवटी त्याचं अक्षर सुरुवातीपेक्षाही वाईट झालं होतं.

मग एक दिवस मी समोर उभी न राहता त्याच्या शेजारी बाकावर बसले. "व" काढ म्हटलं आणि फक्त पेन्सिलीच्या टोकाकडे बघत राहिले. त्याने आधी दांडा काढला, तोही खालून वर. मग दांड्याच्या मध्यापासून गोल सुरू केला, खाली, डावीकडे आणि वर असा उलटा फिरवत आणला. तो वर दांड्याला भिडलाच नाही. मग थांबला, पेन्सिल उचलली, राहिलेल्या फटीत एक ठिगळ लावलं. शेवटी शिरोरेषा ओढली, उजवीकडून डावीकडे. तीन हालचालींच्या अक्षराला त्याला चार लागत होत्या आणि त्यातली एकही सुलट नव्हती. पानावर मला एवढे सहा महिने काय दिसलं होतं? फाटलेल्या पोटाचा "व". मी त्यावर लाल रेघ मारून "नीट काढ" लिहीत होते. नीट म्हणजे कसं, ते त्याला कोणी दाखवलंच नव्हतं. ब आणि क "व"वरच उभे असतात, त्यामुळे तेही तसेच येत होते. रोजच्या दोन पानांनी त्याच्या हाताला तेच उलटं वळण पक्कं लागत गेलं.

"व" असा काढायचा : दांडा जिथे येणार आहे तिथून, शिरोरेषेच्या थोडं खालून सुरुवात. डावीकडे जायचं, गोल फिरून खाली यायचं आणि परत दांड्याच्या जागी पोचायचं. मग दांडा वरून खाली. मग शिरोरेषा, डावीकडून उजवीकडे. यात हाताला कुठे थांबून जागा शोधावी लागत नाही. हे जमलं की "ब"ला पोटात तिरकी रेघ आणि "क"ला दांड्याच्या उजवीकडे शेपूट, एवढंच नवीन उरतं. तसंच "प" जमला की ष आणि फ सोपे. अ, आ, इ, ई हा क्रम म्हणायला चांगला आहे, लिहायला नाही. "अ" काढायला फार अवघड अक्षर आहे, त्यापासून सुरुवात केली की मूल पहिल्याच दिवशी हरतं. लिहिताना अक्षरं कुटुंबाने घ्या.

ठिपके जोडून गिरवायची पुस्तकं घेतली असतील तर ती बाजूला ठेवा. ठिपके आकार सांगतात, दिशा सांगत नाहीत. माझा तो मुलगा ठिपक्यांवरून सुंदर "व" काढायचा, खालून वर. गिरवायचंच असेल तर सुरुवातीच्या जागी एक मोठा टिंब आणि बाण काढून द्या, तीनदा गिरवू द्या, चौथ्यांदा न बघता काढायला सांगा.

आता पेन्सिलीचं. माझ्या त्या मुलाचा अंगठा तर्जनीवरून आडवा जाऊन मधल्या बोटावर टेकायचा. तर्जनीचं टोकाजवळचं पेर आत दबलेलं, नख पांढरं पडलेलं. मी त्याचं पान उलटवून मागून बोट फिरवलं, प्रत्येक अक्षर उठून हाताला लागत होतं. तुम्हीही हे करून बघा. आणखी एक : तुमचा मुलगा लिहीत असताना पेन्सिल मागच्या टोकाला धरून हलकेच ओढा. थोडी अडखळून निसटली तर पकड ठीक. हातच मागे ओढला गेला तर तो पेन्सिल धरत नाही, आवळतो आहे. अंगठा असा गुंडाळला की बोटं अडकतात, हलूच शकत नाहीत. मग इतकासा गोल काढायला मनगट आणि अख्खा हात फिरवावा लागतो. तुमचा मुलगा अर्ध्या पानात रडतो तो बहुधा यामुळे. त्याला नाटकी म्हणू नका, दुखत असतं.

पकड बदलायला मी माझ्या त्या मुलाला "नीट धर" एकदाही म्हटलं नाही. दोन आठवडे लांब पेन्सिल काढून घेतली आणि जेमतेम इंचभर खडूचा तुकडा दिला. एवढा तुकडा मुठीत धरताच येत नाही, अंगठ्याला गुंडाळायला जागा उरत नाही, तीन बोटांची चिमूट आपोआप होते. पाटी भिंतीला उभी टेकवली, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला. उभ्या पाटीवर लिहिताना मनगट मागे वळून स्थिर राहतं आणि बोटं मोकळी होतात. अक्षर वीतभर उंच. दिवसाला एकच कुटुंब, दहा मिनिटं. नंतर वहीवर आलो तेव्हा बोटभर लांबीची, मऊ शिसाची पेन्सिल दिली, म्हणजे दाब न देता गडद उठते. टोकापासून साधारण इंचभर वर पकड, डावखुऱ्या मुलाची आणखी थोडी वर, म्हणजे लिहिलेलं हाताखाली झाकलं जात नाही.

आणि पाय! हे मला फार उशिरा कळलं. त्याचे पाय बाकावरून लोंबकळत होते. पाय टेकले नाहीत की मूल पुढे घसरतं, डाव्या कोपरावर झोपतं, आणि वही धरायचा डावा हात शरीर पेलण्यात अडकतो. मग वही सरकते, म्हणून उजवा हात आणखी दाबतो. मी त्याच्या पायाखाली एक लाकडी खोका ठेवला. घरी जुन्या रद्दीचा बांधलेला गठ्ठा चालेल. पाय टेकलेले हवेत, आणि टेबल कोपर वाकवल्यावर कोपराच्या दीड-दोन इंच वर हवं. वही डावीकडे थोडी कललेली, डावखुऱ्याची उजवीकडे. जमिनीवर मांडी घालून लिहीत असेल तर समोर उतरता पाट हवाच, मांडीवर वही नको.

"व" सुलट यायला त्याला तीन आठवडे लागले. वहीतलं अक्षर लोकांना दिसेल इतकं बदलायला अडीच महिने. पोटदुखी त्याच्या आधीच थांबली होती.

ग्रिपरबद्दल विचारलंत. लावा हवं तर, पण अंगठा कुठे जातो ते बघा. त्या रबरावरूनही अंगठा गुंडाळणारी मुलं मी पाहिली आहेत. आणि उलटे काढलेले "व" ग्रिपरने सुलट होत नाहीत.

शिरोरेषेचा मुद्दा तुम्ही विचारला नाहीत, तरी लिहिते, कारण त्या ज्येष्ठ बाईंशी माझा खरा वाद यावर होता. त्या मुलांना आधी सगळ्या शब्दाची शिरोरेषा ओढायला लावायच्या आणि मग तिला अक्षरं टांगायला सांगायच्या. म्हणायच्या, अक्षरं एका उंचीत येतात. येतात, खरं आहे. पण "ध" आणि "भ" यांच्या डोक्यावरची रेघ डावीकडे उघडी असते, आणि तीच तर त्यांची ओळख आहे. रेघ आधीच सलग ओढलेली असली की मूल ती उघडी ठेवणार कशी? माझ्या वर्गात त्यामुळे "धन"चा "घन" झाला, "भाऊ"चा "माऊ" झाला, आणि बाईंनी त्या मुलांना शुद्धलेखनाच्या चुका म्हणून तेच शब्द दहा-दहा वेळा लिहायला दिले. स्पेलिंग मुलांना येत होतं. चूक रेघेच्या क्रमाची होती, आणि तो क्रम आम्ही शिकवला होता. शब्द पूर्ण करा, मग डावीकडून रेघ ओढा, "ध"-"भ"पाशी पेन्सिल उचला.

उंची सांभाळायला वहीची रेघ आहे की. मराठी अक्षर वरच्या रेघेला लोंबतं, इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं. दोन्ही एकदम शिकणारी मुलं मराठीही खालच्या रेघेवर बसवतात, मग उकारांना जागा उरत नाही, ते खालच्या ओळीत घुसतात. तुमच्या मुलाच्या वहीत बघा, अक्षर वरच्या रेघेला चिकटलंय की खालच्या. खालच्या असेल तर वरची रेघ रंगीत करून द्या, एवढ्यानेच पान अर्धं सुधारतं.

एक मात्र लक्षात घ्या. पकड पुस्तकातल्या चित्रासारखी नसली, पण हात दुखत नसेल, वेग बरा असेल आणि अक्षर वाचता येत असेल, तर तिला हात लावू नका. चार बोटांनी धरून उत्तम लिहिणारी माणसं भरपूर आहेत. तुमच्या मुलाला दुखतंय, म्हणून मी बदला म्हणते आहे, आणि साडेसहा हे वय त्यासाठी चांगलं आहे, पुढे सवय मोडणं अवघड जातं. दोन-तीन महिने असं करूनही दुखणं तसंच राहिलं, बटण लावणं, कात्री धरणं हेही जमत नसेल, तर मुलांच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवा. नाक वहीला टेकवून लिहीत असेल तर आधी डोळे तपासा.

आज संध्याकाळी एवढंच करा. वही नको. त्याच्या शेजारी बसा, समोर नाही, आणि पाटीवर व, ध, भ ही तीन अक्षरं काढायला सांगा. काहीही बोलू नका. टोक कुठून निघतं आणि कुठे थांबतं तेवढं कागदावर बाणांनी काढून ठेवा.