‘धोका’, ‘इशारा’ आणि ‘अपाय’: आम्लाच्या बाटलीवरचे संकेतशब्द

प्रश्न : खानापूर तालुक्यातील आमच्या मराठी शाळेच्या प्रयोगशाळेतल्या हायड्रोक्लोरिक आम्लाच्या दोन बाटल्यांचा फोटो पाठवत आहे. हातावर आणि धातूवर द्रव ठिबकण्याचे चित्र दोन्हींवर आहे, पण संहत आम्लावर ‘डेंजर’ आणि विरल आम्लावर ‘वॉर्निंग’ छापले आहे. बाटल्यांवर मराठी चिठ्ठ्या लावताना दोन्हींसाठी ‘धोका’ लिहिले तर चालेल का? की कन्नड विभागाप्रमाणे ‘अपाय’ लिहावे?

उत्तर : दोन्हींना ‘धोका’ म्हणू नये. संयुक्त राष्ट्रांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या लेबल पद्धतीत संकेतशब्द दोनच आहेत आणि ते तीव्रतेच्या दोन पायऱ्या दाखवतात. ‘डेंजर’ वरची, ‘वॉर्निंग’ खालची. मराठीला ही जोडी नव्याने घडवावी लागत नाही. पावसाळ्यात निपाणी-चिकोडीकडची माणसे कोल्हापूरच्या पंचगंगेची बातमी वाचतात, तेव्हा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना ‘इशारा पातळी’ आणि ४३ फुटांना ‘धोका पातळी’ हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. तीच जोडी बाटलीवर घ्यावी. ‘सावधान’ही सुचवले जाते, पण कवायतीच्या मैदानावर आणि मंगलाष्टकांत तो शब्द इतका वापरला गेला आहे की त्यातून पायरी कळत नाही.

‘अपाय’ हा शब्द मात्र फसवा आहे. विजेच्या खांबावर कवटीच्या चित्राखाली कन्नडमध्ये तोच असतो आणि तिथे त्याचा अर्थ ‘धोका’ असाच आहे, त्यामुळे आपल्या मुलांनाही तो ओळखीचा वाटतो. मराठीत ‘अपाय’ म्हणजे झालेली किंवा होऊ शकणारी हानी. औषधाने गुण येण्याऐवजी अपाय झाला, असे आपण म्हणतो. शिवाय लेबलावर प्रत्येक धोक्याचे H-आकडा असलेले ठरावीक वाक्य असते आणि त्यांपैकी ‘गिळल्यास अपायकारक’ (H302) हे वाक्य ‘वॉर्निंग’च्या खालच्या पायरीचे आहे. वरच्या पायरीला ‘अपाय’ म्हटले आणि खालच्या पायरीच्या वाक्यात ‘अपायकारक’ आले, तर वाचणारा गोंधळणारच. कन्नड चिठ्ठीवर तो शब्द अगदी योग्य आहे. मराठी चिठ्ठीवर तो घेऊ नये.

आता चित्र एकच आणि शब्द दोन, हे कसे? लाल चौकटीतले ते चित्र एका धोक्याचे नाही. त्वचा भाजणे, डोळ्यांना गंभीर इजा होणे आणि धातूंचे क्षरण होणे, या तिन्हींसाठी तेच वापरतात. पहिल्या दोन्हींना ‘डेंजर’ लागतो, तिसऱ्याला ‘वॉर्निंग’ पुरतो. साधारण ३५ ते ३७ टक्क्यांच्या संहत आम्लावर H314, म्हणजे त्वचा गंभीरपणे भाजण्याचे वाक्य असते. तुमचे विरल आम्ल दोन मोलर, म्हणजे वजनाने सुमारे ७ टक्के असावे. तिथे उरते ते बहुधा H290, म्हणजे धातूंचे क्षरण. चित्रात हात दिसत असला तरी त्या बाटलीवर ते चित्र आले आहे धातूमुळे. (म्हणून चष्म्याशिवाय ती बाटली हाताळावी असे नाही, डोळ्यात गेलेला थेंब विरल असला तरी झोंबतोच.) थोडक्यात, चित्रावरून धोक्याची जात कळते, पायरी शब्दावरून कळते, आणि नेमके काय होईल ते H-वाक्य सांगते.

संहत आम्लाच्या बाटलीवर शेजारी उद्गारचिन्हाचे चित्रही असते, त्यावरून ‘इथे इशाराही छापायला हवा होता’ असे वाटू शकते. ते चिन्ह वाफेने श्वसनमार्गाला होणाऱ्या त्रासाचे, H335 चे आहे. त्या एकट्या धोक्याला ‘वॉर्निंग’ लागला असता. परंतु एका लेबलावर संकेतशब्द एकच ठेवायचा, आणि ‘डेंजर’ लागू असेल तर ‘वॉर्निंग’ गाळायचा, असा नियम असल्यामुळे तो छापलेला नाही.

फोटोबद्दल एक सांगतो. बाटली गोल असल्याने लेबलाची कड वळते आणि विरल आम्लाच्या बाटलीवरचा दुसरा आकडा कडेला अर्धा कापला गेला आहे. तो H314 की H315, हे फोटोत स्पष्ट दिसत नाही. इथे संकेतशब्द साक्षीला येतो. H314 असेल तर ‘डेंजर’ असलाच पाहिजे, म्हणून ‘वॉर्निंग’ छापलेल्या बाटलीवर तो आकडा ३१४ असू शकत नाही. तो ३१५, म्हणजे त्वचेची जळजळ, असेल तर बाटलीतले आम्ल मी धरले त्याहून थोडे तीव्र असण्याची शक्यता आहे. युरोपीय वर्गीकरणात या आम्लासाठी ती पायरी १० ते २५ टक्क्यांची आहे. उलटे मात्र लावू नका. ‘डेंजर’ दिसला म्हणून आकडा ३१४च, असे ठरत नाही, कारण तो शब्द दुसऱ्या एखाद्या धोक्यामुळेही आलेला असू शकतो. चिठ्ठी लिहिण्यापूर्वी बाटली फिरवून तो आकडा प्रत्यक्ष वाचावा.

पहिल्या चिठ्ठीवर ‘धोका : त्वचा गंभीरपणे भाजते, डोळ्यांना इजा होते, वाफेने श्वसनमार्गाला त्रास होऊ शकतो’ असे लिहावे. दुसरीवर ‘इशारा : धातूंचे क्षरण करू शकते’ असे लिहावे आणि आकडा ३१५ निघाला तर ‘त्वचेची जळजळ होते’ ही ओळ जोडावी.