आवक शिक्का आहे का?

*माझी मोटारसायकल ८ मार्चच्या रात्री नाशिकला आमच्या इमारतीखालून चोरीला गेली. ९ तारखेला सकाळीच पोलीस ठाण्यात गेलो. "दोन-चार दिवस शोधा, पोरं फिरवून सोडून देतात," असं म्हणून त्यांनी साध्या कागदावर अर्ज घेतला. गुन्हा दाखल झाला १७ मार्चला. विमा कंपनीला मी २ एप्रिलला कळवलं. आता कंपनीचं पत्र आलंय की पोलिसांना ९ दिवस आणि कंपनीला २५ दिवस उशिरा कळवल्यामुळे क्लेम नामंजूर. एक चावीही सापडत नाही. आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, ५८,००० आहे. काही होऊ शकेल का?*

होऊ शकेल, पण ते ९ मार्चच्या कागदावर अवलंबून आहे. तो कागद तुमच्याकडे आहे की नाही, हे मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. अशी पत्रं लिहिणारे बहुतेक जण कंपनीला उशिरा कळवल्याची काळजी करत बसतात आणि पोलिसांकडच्या उशिराबद्दल एका ओळीत लिहून मोकळे होतात. खरी अडचण असते ती त्या एका ओळीत.

२५ दिवसांचा मुद्दा आधी बाजूला काढू. पॉलिसीच्या पुस्तिकेत अटींच्या पानावर पहिलीच अट पाहा. तिचे दोन भाग आहेत. अपघात किंवा नुकसान झालं तर कंपनीला ताबडतोब लेखी कळवायचं, हा पहिला. चोरी किंवा इतर गुन्हा असेल तर पोलिसांना ताबडतोब कळवायचं आणि गुन्हेगाराला शिक्षा व्हावी म्हणून कंपनीला सहकार्य करायचं, हा दुसरा. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०२० साली गुरशिंदर सिंग विरुद्ध श्रीराम जनरल इन्शुरन्स या प्रकरणात हे दोन भाग वेगळे करून दाखवले. तिथे ट्रॅक्टर चोरीला गेला होता. गुन्हा त्याच दिवशी नोंदवला गेला, कंपनीला मात्र ५२ दिवसांनी कळवलं होतं. न्यायालयाचं म्हणणं असं की अपघातात कंपनीला लगेच कळायला हवं, कारण सर्व्हेअरला नुकसान पाहायचं असतं. चोरीत पाहायला गाडीच उरलेली नसते, तिथे शोध पोलिसांनी घ्यायचा असतो. पोलिसांना वेळेत कळवलं असेल आणि चोरी खरी असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा नाकारता येत नाही. २०२२ मध्ये जैना कन्स्ट्रक्शन प्रकरणात पाच महिन्यांहून जास्त उशीर होता, तरी हाच निर्णय कायम राहिला. त्यामुळे २५ दिवसांबद्दल माफी मागणारं पत्र कंपनीला लिहू नका. हे दोन निकाल नावानिशी लिहा आणि पुढे चला.

आता ९ दिवस. वरचे दोन्ही निकाल "पोलिसांना वेळेत कळवलं" या पायावर उभे आहेत. तुम्ही पोलिसांना पहिल्यांदा १७ मार्चला कळवलं असं ठरलं, तर हे निकाल तुमच्या बाजूने राहत नाहीत, उलट कंपनीचा वकील तेच वाचून दाखवेल. ९ मार्चला कळवलं असं ठरलं, तर कंपनीच्या पत्रात काहीच उरत नाही. अटीत "पोलिसांना कळवणे" असे शब्द आहेत, "गुन्हा नोंदवून घेणे" असे नाहीत. गुन्हा नोंदवायला पोलिसांनी लावलेले आठ दिवस तुमच्या नावावर टाकता येत नाहीत. फक्त ते त्यांनी लावले, हे दाखवावं लागतं.

अर्जाची तुमची प्रत काढा. तिच्यावर ठाण्याचा गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही आहे का? असेल तर तुमचं निम्मं काम झालं. नसेल तर ती चूक तुमची आहे. मूळ अर्ज देऊन रिकाम्या हाताने घरी येणं म्हणजे न दिल्यासारखंच. आणि पोलिसांच्या संकेतस्थळावर "हरवले-सापडले"मध्ये नोंद करून तिलाच तुम्ही तक्रार म्हणत असाल, तर त्या पावतीचा उपयोग जवळजवळ नाही. ती गहाळ वस्तूची नोंद असते, चोरीची खबर नव्हे. उलट गाडी "हरवली" असं तुम्हीच लिहून दिल्याचा तो पुरावा होऊ शकतो.

शिक्का नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. ठाण्याच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. मागायचं एवढंच: ९ मार्चच्या आवक नोंदवहीतली माझ्या अर्जाची नोंद आणि त्या दिवसाच्या ठाणे दैनंदिनीत माझ्या येण्याची नोंद असल्यास तिची प्रत. तपासाची कागदपत्रं मागू नका. तपासाला बाधा येते या कारणाखाली संपूर्ण अर्जच फेटाळायला ते निमित्त पुरतं. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. त्या सकाळी ११२ वर फोन केला असेल, ठाण्यातून कुणाला मेसेज पाठवला असेल, तर फोनमधला तो तपशील आजच जपून ठेवा. नवा फोन घेतल्यावर जुना कॉल लॉग शोधणारे बरेच पाहायला मिळतात.

दुसरा कागद म्हणजे एफआयआर. त्याची प्रत मोफत मिळते, ती तुमच्याकडे असणारच. पण लोक त्यातली हकिगत वाचतात आणि रकाने सोडून देतात. तिसरा रकाना पाहा: गुन्हा कधी घडला, ठाण्यात माहिती कधी मिळाली, दैनंदिनीतला नोंद क्रमांक कोणता. मग आठवा पाहा: तक्रार देण्यात उशीर झाल्याची कारणं. तिथे "९ मार्चला अर्ज दिला होता" असं काही असेल तर उत्तम. "वाहनाचा शोध घेत होतो" असं असेल तर त्यावर भांडता येतं. एक-दोन दिवसांची शोधाशोध ग्राहक आयोग सहसा समजून घेतात, नऊ दिवसांची घेतीलच असं नाही. रकाना कोरा असेल किंवा "निरंक" असेल, तर कंपनी तुमच्याकडे काही खुलासाच नव्हता असं म्हणणार.

नोंदवलेला एफआयआर बदलता येत नाही. पण तपास अधिकाऱ्याला पुरवणी जबाब घेता येतो. ९ मार्चला किती वाजता गेलो, कुणाला भेटलो, काय सांगण्यात आलं, अर्ज कुणी घेतला, हे त्यात यायला हवं. अधिकारी टाळाटाळ करेल, कारण तो जबाब त्याच्याच ठाण्याविरुद्ध जातो. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्येच सांगितलंय, आणि "दोन-चार दिवस शोधा" हे उत्तर आजही जसंच्या तसं मिळतं. त्यामुळे तोंडी विनवण्या करू नका. हाच मजकूर लिहून पोलीस उपायुक्तांना स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. हे खरं तर १० मार्चलाच करायला हवं होतं, गुन्हा नोंदवायला नकार मिळाल्यावर कायद्यातला मार्ग तोच आहे. आज त्याचं वजन कमी, पण शून्य नाही.

तिसरा कागद "अ" समरीचा. गुन्हा खरा, पण आरोपी आणि माल मिळाला नाही, असा अहवाल पोलीस न्यायालयात पाठवतात, त्याला आपल्याकडे हे नाव आहे. तो न्यायदंडाधिकाऱ्यांनी मंजूर केला की त्याची प्रमाणित प्रत घ्या. चोरी खरी होती, हे सांगणारा याहून वजनदार कागद तुमच्याकडे दुसरा असणार नाही. पोलीस पाठवायला आणि न्यायालय मंजूर करायला किती वेळ लावतील याचा भरवसा देत नाही. ठाण्यात फेऱ्या माराव्या लागतील.

चावीबद्दल. कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते, कारण एक नसेल तर ती गाडीलाच लावलेली राहिली असावी, असा संशय तिला घेता येतो. इथे एकच गोष्ट करू नका: बाजारातून दुसरी चावी करून मूळ म्हणून देऊ नका. तपासणीत ते उघड होतं आणि मग निष्काळजीपणाचं प्रकरण फसवणुकीचं होतं. चावी कधी, कुठे हरवली ते खरं लिहून द्या. कंपनीच्या तपासनिसाला जबाब दिला असेल तर त्याची प्रत मागा, कारण तिथे एक आणि इथे दुसरं लिहिलं तर तुमच्या बाजूने कुणी बोलू शकणार नाही. आणि अगदी चावी गाडीलाच राहिली होती असं सिद्ध झालं, तरी संपूर्ण रक्कम जाईलच असं नाही. २०२३ मध्ये अशोक कुमार विरुद्ध न्यू इंडिया अॅश्युरन्स या प्रकरणात चालकाने ट्रकला चावी तशीच ठेवली होती, तरी न्यायालयाने ७५ टक्के रक्कम द्यायला लावली. तुमच्या बाबतीत ते ४३,५०० होतात. कंपनी तडजोडीला आली तर याच्या खाली उतरू नका, पण हा आकडा तुमच्या तोंडून आधी निघायला नको.

आता क्रम. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी निवेदन द्या, सोबत वरचे जेवढे कागद हाती आले असतील तेवढे जोडा. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला, की विमा लोकपालांकडे जा. तुमच्यासाठी पुण्याचं कार्यालय. तिथे फी नाही आणि वकीलही चालत नाही, ५८ हजारांच्या दाव्यासाठी ते बरंच आहे. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जायला हवं. लोकपालांचा निर्णय पटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग उरतोच, पण उलट करता येत नाही. आयोगात प्रकरण चालू असताना लोकपाल ते घेणार नाहीत.

आयोगासाठी मुदत दोन वर्षांची. ती नकाराच्या पत्रापासून मोजायची असं तुमचा वकील म्हणेल, चोरीच्या तारखेपासून असं कंपनीचा म्हणेल. त्या वादात पडायची गरज नाही: चोरीला दोन वर्षं होण्याआधीच्या ७ मार्चपर्यंत तक्रार दाखल झालेली असू द्या.

आरटीओला चोरीचं पत्र दिलं नसेल तर एफआयआरची प्रत जोडून याच आठवड्यात द्या आणि त्याच्यावर शिक्का घ्या. नोंदणी अजून तुमच्या नावावर आहे, आणि त्या गाडीने उद्या कुणाला उडवलं तर पहिली नोटीस तुमच्याच दारात येईल.