'तहान लागली होती': तेनीआ सेद की तुबो सेद?

प्रश्न: भाची स्पॅनिश शिकतेय. सुटीत ती जळगावला आली की झोपताना सांगायला हुशार कावळ्याची गोष्ट सोप्या स्पॅनिशमध्ये लिहितोय. 'कावळ्याला तहान लागली होती' याला 'तेनीआ सेद' म्हणायचं, 'तुबो सेद' की 'आबीआ तेनीदो सेद'?

'एल कुएर्बो तेनीआ सेद' लिहा.

'आबीआ तेनीदो' सुचतं ते 'लागली होती'मधल्या 'होती'मुळे. मराठीत हे रूप दिसायला पूर्ण भूतकाळाचं, पण इथे ते त्या वेळची स्थिती सांगतं: कावळा अजून तहानलेलाच आहे. 'आबीआ तेनीदो सेद' म्हटलं तर तहान आधीच लागून गेली, मग गोष्टीत उरलं काय? 'कावळा फांदीवर बसला होता' इथेही हाच घोळ होतो. लहान मुलांसाठी 'एस्ताबा एन उना र्रामा', म्हणजे 'फांदीवर होता', एवढं पुरे.

'तुबो' व्याकरणात बसतं, पण ते घटना सांगतं. 'दे प्रोन्तो तुबो सेद' म्हणजे एकाएकी तहान लागली. तुमच्या गोष्टीत तहान पहिल्यापासून आहे.

आपल्याकडे उन्हाळ्यात धाब्यावर अंथरुणं पडली की पोरं आजीला दर वाक्याला 'मंग?' विचारतात. तोच 'मंग?' इथे कसोटीला लावा. वाक्य त्याचं उत्तर असेल तर 'तुबो'च्या जातीचं रूप घ्या, तेव्हा काय परिस्थिती होती ते सांगत असेल तर 'तेनीआ'च्या. सुरुवात अशी होईल: 'आबीआ उना बेस उन कुएर्बो. आसीआ मूचो कालोर. एल कुएर्बो तेनीआ सेद.' एक कावळा होता, खूप ऊन होतं, त्याला तहान लागली होती. अजून काहीच घडलेलं नाही. मंग? 'दे प्रोन्तो ब्यो उना हार्रा.' एकाएकी त्याला सुरई दिसली. लगेच पुन्हा परिस्थिती: 'आबीआ पोका आग्वा', पाणी थोडंच होतं. मंग? 'एचो उना प्येद्रा', त्याने एक खडा टाकला, 'ई ओत्रा, ई ओत्रा', अजून एक, अजून एक.

यानंतरच्या वाक्यासाठी मात्र थोडं थांबा, कारण गोष्टीची सगळी मजा तिथे आहे. 'एल आग्वा सुब्यो' म्हटलं की पाणी वर आलं, काम संपलं. 'एल आग्वा सुबीआ ई सुबीआ' म्हणजे पाणी वर येत होतं, येतच होतं, अजून काठाशी पोचलेलं नाही. इथे 'सुबीआ'च हवं, आणि ते दोनदा, आवाज चढवत म्हणा. मग 'पोर फीन एल कुएर्बो बेब्यो', शेवटी कावळा पाणी प्यायला.

शेवटी 'कोलोरीन कोलोरादो, एस्ते कुएन्तो से आ आकाबादो' जरूर घ्या. आपल्या 'साठा उत्तराची कहाणी'सारखी ही तिकडच्या गोष्टींची ठरलेली अखेर. त्यातला काळ तिसराच आहे, तो सोडवत बसू नका. यमकामुळे भाचीला ओळ तशीच पाठ होईल.