दिवाळीच्या गर्दीत चेकआउट का अडकतं

बनवलेली पानं साठवून ठेवणारं कॅशचं प्लगइन टाकलं म्हणजे साइट दिवाळीला तयार, असं धरू नका. वूकॉमर्समध्ये कॅशचा फायदा होम पेजला आणि वस्तूंच्या पानांना होतो. कार्ट आणि चेकआउट प्रत्येक गिऱ्हाइकाचं वेगळं, ते पीएचपीला दर वेळी नव्याने बनवावं लागतं. कोंडी तिथेच होते.

हिशोब मांडून बघा. सर्व्हरची मेमरी 2 जीबी, त्यातली 1 जीबी डेटाबेस आणि सिस्टिमला सोडा. एक पीएचपी प्रोसेस 80 एमबी खात असेल, तर उरलेल्या जागेत 12 बसतात. एका वेळी किती पीएचपी प्रोसेस चालू द्यायच्या ते ठरवणारं `pm.max_children` तेवढंच ठेवा. 40 केलंत तर मेमरी संपून डेटाबेसच बंद पडू शकतो. ऑर्डरला 3 सेकंद लागत असतील, तर सेकंदाला फार तर 4 ऑर्डरी निघतील, बाकीचे रांगेत. पीएचपी-एफपीएमच्या लॉगमध्ये हे दिसलं की रांग लागलीच समजा:

```
server reached pm.max_children setting (12)
```

म्हणून आधी ते 3 सेकंद कुठे जातात ते शोधा. पुष्कळदा 2 सेकंद कुरिअरचा दर बाहेरच्या सर्व्हरला विचारण्यातच जातात. सणापुरता सरसकट दर लावा. त्याच सर्व्हरवर सेकंदाला 12 ऑर्डरींपर्यंत जाता येईल. आणि ऑफरचा मेसेज सगळ्यांना एकदम धाडू नका, कृपा करून! पाचशे-पाचशेच्या गटांनी, दहा-दहा मिनिटांनी पाठवा.